शाफ्टच्या मोटरसायकलचे मागचे तेल

शाफ्टवर चालणाऱ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाला लागून ॲल्युमिनियमचा एक बंद डबा असतो. गिअरबॉक्समधून निघालेला दांडा स्विंगआर्मच्या पोकळीतून मागे येतो आणि या डब्यात शिरतो. दांड्याच्या टोकाला पिनियन हे छोटे दातेरी चाक असते. ते क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते आणि क्राऊनला जोडलेले मागचे चाक फिरू लागते. दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, चाकाचा आस मात्र आडवा असतो. फिरणारी ताकद काटकोनात वळवायची आणि त्याच वेळी वेग कमी करून जोर वाढवायचा, अशी दोन कामे हा डबा करतो. त्याला फायनल ड्राइव्ह म्हणतात. जीपची किंवा ट्रकची कामे करणाऱ्या गॅरेजमध्ये हीच जोडी ‘क्राऊन-पिनियन’ म्हणून ओळखली जाते. फरक इतकाच की मोटरसायकलला मागे एकच चाक असल्याने इथे डिफरन्शियल लागत नाही.

आज शाफ्टच्या गाड्या बहुतेक महागड्या वर्गात सापडतात. बीएमडब्ल्यूची जीएस मालिका, होंडाची गोल्ड विंग, मोटो गुझीच्या व्ही-ट्विन गाड्या ही त्यातली ठळक नावे. पैकी बीएमडब्ल्यूने १९२३ मध्ये आर ३२ ही आपली पहिली मोटरसायकल आणली तीच शाफ्टची होती. चेन साफ करणे, तिला तेल घालणे, ताण जुळवणे ही कटकट शाफ्टने संपते. ती संपते म्हणूनच मागच्या डब्यातल्या तेलाकडे दुर्लक्ष होते. चेन कोरडी पडली तर आवाज करते, लोंबते, डोळ्यांना दिसते. डब्यातले तेल काळे झाले, कमी झाले किंवा त्यात पाणी शिरले, तरी गाडी हजारो किलोमीटर काही न बोलता चालत राहते.

हे तेल असते किती, तर बीएमडब्ल्यू आर १२०० जीएसमध्ये बदलाच्या वेळी घालायचे प्रमाण १८० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या जेमतेम दोन ग्लासांइतके. त्याच गाडीच्या इंजिनात सुमारे चार लिटर तेल मावते. इंजिनाचे तेल पंपाने फिरते, फिल्टरमधून गाळले जाते, आणि त्यातले कण फिल्टरबरोबर फेकून दिले जातात. फायनल ड्राइव्हमध्ये पंपही नाही आणि फिल्टरही नाही. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो. तो फिरताना तेल वर उचलतो आणि दातांवर, बेअरिंगवर उडवतो. दातांतून झिजून निघालेला प्रत्येक कण याच दोन ग्लास तेलात राहतो आणि तेलाबरोबर पुन्हा दातांत जातो. तेलाची जात, त्याचे माप आणि ते बदलण्याची मुदत या तिन्ही गोष्टींत इथे फारशी सवलत नाही, ती एवढ्यामुळे.

आधी जात पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाला जीएसचे मागचे चाक मिनिटाला सव्वाआठशेच्या आसपास फेरे घेते. पिनियन त्याच्या जवळपास तिप्पट, म्हणजे अडीच हजारांच्या थोडे खाली फिरते. हा वेग इंजिनाच्या मानाने काहीच नाही. पण गिअरबॉक्समध्ये वाढून आलेला सगळा जोर एका वेळी दोन-तीन दातांवरच येतो. शिवाय हे दात सरळ नसून वळणदार कापलेले असतात, त्यामुळे एक दात दुसऱ्यावर नुसता लोळत नाही, थोडा घसरतोही. पिनियनचा आस क्राऊनच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवलेल्या रचनेत, म्हणजे हायपॉइड गिअरमध्ये, हे घसरणे आणखी वाढते. एवढ्या दाबाखाली घसरण झाली की दोन दातांमधला तेलाचा पापुद्रा क्षणभर फाटतो आणि पोलाद पोलादावर घासले जाते.

अशा क्षणी घट्टपणा उपयोगी पडत नाही, रसायन पडते. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. घर्षणाने दात ज्या ठिकाणी तापतो, तिथेच ती धातूशी अभिक्रिया करतात आणि अतिशय पातळ, मऊ थर बनवतात. मग दात एकमेकांना चिकटून ओरबाडले जाण्याऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा बनतो. तेलाच्या डब्यावरच्या ‘ईपी’ या अक्षरांचा अर्थ हाच: अतिदाब सोसणारे तेल. इंजिन ऑइलमध्ये ही द्रव्ये या प्रमाणात नसतात. त्यामुळे २०डब्ल्यू-५० हे इंजिन ऑइल बोटांना गिअर ऑइलइतकेच जाड लागले, तरी क्राऊन-पिनियनच्या डब्यात त्याला जागा नाही.

या द्रव्यांचे प्रमाण किती, हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या वर्गीकरणातून कळते. जीएल-४ तेल मध्यम भाराच्या गिअरसाठी असते. जीएल-५ भारी दाब आणि जास्त घसरण सोसणाऱ्या हायपॉइड गिअरसाठी असते, आणि त्यात ईपी द्रव्ये ढोबळमानाने दुप्पट असतात. मात्र वरचा आकडा म्हणजे वरचा दर्जा, असे गणित इथे चालत नाही. जीएल-५ मधले गंधक पितळ, कांसे अशा पिवळ्या धातूंना खाऊ शकते, म्हणून जिथे असे भाग आहेत आणि कंपनीने जीएल-४ सांगितले आहे, तिथे जीएल-५ घालणे ही सुधारणा ठरत नाही. हेक्सहेड पिढीच्या जीएसला जीएल-५ दर्जाचे सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० तेल ठरवून दिले होते. यामाहाच्या एक्सव्हीएस ६५० या क्रूझरच्या पुस्तिकेत मात्र जीएल-४ दर्जाचे एसएई ८० हायपॉइड तेल लिहिले आहे. दोन्ही गाड्या शाफ्टच्या, दोन्ही डबे दिसायला सारखे, तरीही तेले वेगळी. पुस्तिकेत लिहिलेला वर्ग दुकानदाराच्या सल्ल्याने बदलू नये, हे यासाठी.

दुसरा आकडा घट्टपणाचा, आणि तोच सर्वांत जास्त घोटाळा करतो. ७५डब्ल्यू-९० मधले ९० पाहून हे तेल इंजिनाच्या ५० पेक्षा जवळपास दुप्पट जाड असेल, असे कुणालाही वाटेल. पण इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंश तापमानाला गिअर ऑइलचे ९० हे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्याच टप्प्यात बसते. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो. ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांपर्यंत, तर ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत पुरेसे वाहते. पुण्यात किंवा पणजीत या फरकाला काही अर्थ नाही. हिवाळ्यात स्पितीला गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहणार असेल, तर थोडा आहे.

ईपी-९० हे गिअर ऑइल ट्रॅक्टरच्या दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे मिळते, आणि त्यामुळेच ते शाफ्टच्या गाडीतही जाते. ते वाईट तेल नसते. पण बाजारातले पुष्कळसे ईपी-९० खनिज तेलापासून बनवलेले आणि जीएल-४ वर्गातले असते. जिथे सिंथेटिक जीएल-५ सांगितले आहे, तिथे ते अडीनडीला एकवेळ चालेल, वीस हजार किलोमीटरसाठी नव्हे. ‘जाड तेल म्हणजे गिअरला आराम’ असे समजून १४० घालणारेही भेटतात. डबा लहान, क्राऊन सतत तेल ढवळत असतो. जाड तेल ढवळण्यात ताकद जाते आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने त्याच डब्यात साठते. कंपन्यांचा कल नेमका उलट दिशेला गेला आहे. २०१३ मध्ये आलेल्या, इंजिनाला पाण्याचीही जोड मिळालेल्या जीएसपासून बीएमडब्ल्यूने फायनल ड्राइव्हसाठी ७०डब्ल्यू-८० हे आणखी पातळ हायपॉइड तेल ठरवले. नव्या गाडीत जुने ७५डब्ल्यू-९० ‘जरा दणकट’ म्हणून घालण्याचा मोह त्यामुळेच टाळावा. डब्यावर ‘एलएस’ अक्षरे असलेले तेलही काही दुकानांत पुढे केले जाते. त्यातली जादा द्रव्ये मोटारीच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी असतात. मोटरसायकलमध्ये डिफरन्शियलच नसल्याने त्यांचा काही उपयोग नाही.

जातीपेक्षा मापाची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. आर १२०० जीएस २००४ मध्ये आली तेव्हा तिच्या फायनल ड्राइव्हचे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे, ते बदलायचे नाही, असे धोरण होते. ते धोरण पुढे मागे घेतले गेले आणि तेल बदलायची सूचना आली. बदलताना घालायचे प्रमाण आधी २२० मिलिलिटर होते, नंतर ते १८० करण्यात आले. तेल जास्त असलेले बरे, या नेहमीच्या समजुतीला हे धरून नाही. मापावरून गाडीमालकांत वाद होतात ते बहुधा जुन्या आणि नव्या कागदांतल्या या फरकामुळे.

कमी तेल का चालते, याचे उत्तर डब्यातल्या हवेत आहे. डबा बंद. आत तेल आणि उरलेल्या जागेत हवा. गाडी २५ अंशांवर सुरू झाली आणि लांबच्या प्रवासात डबा ८५ अंशांपर्यंत तापला असे धरले, तर जागा तेवढीच राहिल्यास हवेचा दाब एक पंचमांशाने वाढतो. तेलही फुगते. १८० मिलिलिटर तेल एवढ्या फरकाने सात-आठ मिलिलिटर वाढते, आणि तेवढी जागा हवेची कमी होते. तेल जास्त भरले असेल तर हवेला मुळातच जागा थोडी उरते, दाब आणखी चढतो. त्यात जादा तेल ढवळून फेस होतो आणि डबा अधिक तापतो. दाबाला वाट हवी असते. ब्रीदर असेल आणि मोकळा असेल तर हवा तिथून निघते. नसेल, किंवा चिखलाने बुजला असेल, तर सर्वांत कमजोर जागा म्हणजे रबराची सील. सीलच्या ओठाखालून तेल झिरपू लागते.

कमी भरण्याचे परिणाम सरळ आहेत. क्राऊन तेलात पुरेसा बुडत नाही, वर उडणारे तेल घटते, आणि वरच्या बाजूच्या बेअरिंगला पहिला फटका बसतो. शिवाय तेल थोडे म्हणजे त्याच उष्णतेने ते लवकर तापते आणि लवकर म्हातारे होते. १८० च्या जागी १७५ किंवा १८५ गेले तर काही बिघडत नाही. चुका होतात त्या पाच मिलिलिटरच्या नव्हे, पन्नास-साठ मिलिलिटरच्या, आणि त्या भरण्याची पद्धत चुकल्याने होतात.

पद्धती दोन आहेत. बहुतेक जपानी शाफ्ट गाड्यांत भरायचे भोक मुद्दाम योग्य पातळीवरच ठेवलेले असते. तेल त्या भोकाच्या खालच्या कडेला टेकले की भरणे संपले. यामाहा एक्सव्हीएस ६५० मध्ये अशा रीतीने १९० मिलिलिटर बसते, कावासाकीच्या जीटीआर १४०० मध्ये १६०. इथे माप म्हणजे पडताळा आणि पातळी म्हणजे नियम. पण ही पातळी गाडी सरळ उभी असतानाच खरी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. मग डबा आणि भोक कोणत्या बाजूला आहेत त्यानुसार तेल भोकातून लवकर सांडते किंवा उशिरा, आणि दोन्ही वेळा अंदाज चुकतो. सेंटर स्टँड नसेल तर कुणाला तरी गाडी सरळ धरून उभे करावे.

जीएसची पद्धत वेगळी. हेक्सहेड पिढीच्या गाड्यांत पातळी दाखवणारे भोकच नाही. त्या पिढीच्या अनेक गाड्यांत नवे तेल चाकाच्या वेगाचा सेन्सर काढून त्याच्या भोकातून घालतात, आणि ते भोक योग्य पातळीच्या बरेच वर असते. इथे मोजूनच घालावे लागते. जपानी गाड्यांची सवय झालेला मेकॅनिक या भोकातून ‘बाहेर येईपर्यंत’ तेल भरतो आणि डबा जवळजवळ गच्च होतो. महिनाभरात चाकाच्या बाजूला तेलाचा ओघळ दिसतो, सील खराब म्हणून बदलली जाते, तेल पुन्हा त्याच पद्धतीने भरले जाते, आणि नवी सीलही झिरपू लागते. सीलचा दोष नसतानाही दोन सीलचे पैसे जातात.

आता मुदत. नव्या गाडीचे पहिले तेल १,००० किलोमीटरला बदलायचे असते, आणि ही बदली सर्वांत महत्त्वाची मानावी. नवे दात एकमेकांत बसताना पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे घासून निघतात. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये निघणारा लोखंडाचा बारीक चुरा पुढच्या कित्येक हजारांपेक्षा जास्त असतो. फिल्टर नसल्याने तो बाहेर काढायचा एकच मार्ग, तेल ओतून टाकणे. त्यानंतर पाण्याची जोड असलेल्या आर १२०० जीएसला आणि आर १२५० जीएसला २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षे, जे आधी येईल ते, अशी मुदत आहे. ‘आयुष्यभराचे तेल’ घेऊन आलेल्या जुन्या गाडीलाही हीच मुदत लावणे शहाणपणाचे. दोनशे मिलिलिटरसुद्धा न भरणाऱ्या तेलात खर्च वाचवण्यासारखे काही नसते.

दोन वर्षांची अट अनेकांना कंपनीची कमाई वाटते, विशेषतः गाडी वर्षाला तीनेक हजारच चालत असेल तर. पण कमी चालणाऱ्या गाडीचा शत्रू घर्षण नसून ओलावा असतो. डबा तापला की आतली हवा बाहेर जाते, थंड झाला की बाहेरची आत येते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात ती हवा दमट असते आणि प्रत्येक चक्रात थोडे पाणी आत सोडते. लांब चालणारी गाडी तेल पुरेसे तापवून हे पाणी उडवते. शहरात पाच किलोमीटर जाऊन उभी राहणारी गाडी उडवत नाही. पाण्याने तेलातली ईपी द्रव्ये बिघडतात आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज धरतो.

ओढा ओलांडण्याचा प्रसंग याहून वाईट. घाट उतरून तापलेला डबा लडाखच्या बर्फाच्या पाण्यात किंवा सह्याद्रीतल्या पावसाळी ओढ्यात अचानक बुडाला, की आतली हवा आकसते आणि डबा बाहेरचे पाणी ब्रीदरमधून किंवा सीलच्या ओठातून ओढून घेतो. चाकाच्या आसापर्यंत पाणी आलेल्या प्रवासानंतर मुदत बघत बसू नये. घरी आल्यावर तेल काढून पाहावे. ते पांढुरके, ताकासारखे दिसले तर पाणी शिरलेले आहे. असे असेल तर नवे तेल घालून शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि तेही बदलावे, कारण पहिल्या खेपेला कोपऱ्यांतले पाणी पूर्ण निघत नाही.

प्रत्यक्ष बदल कसा होतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा २००८ ची आर १२०० जीएस दुसऱ्या हातची घेतली आहे, मीटरवर ४६,००० किलोमीटर आहेत आणि मागच्या तेलाची कुठेही नोंद नाही. पंधरा-वीस मिनिटे गाडी फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते आणि तळाशी बसलेला चुरा त्यात मिसळून बाहेर येतो. गाडी सेंटर स्टँडवर घ्यावी. डब्याच्या आसपासची माती आधी ब्रशने आणि कापडाने काढावी, नाहीतर ती भोकातून आत जाते. मग भरायची जागा उघडावी, तळाचा प्लग नंतर. हा क्रम उलटा झाला आणि भरायची जागा गंजून अडकलेली निघाली, तर रिकाम्या डब्याची गाडी जागेवरच उभी राहते. २००७ च्या आधीच्या गाड्यांचे आणखी एक झंझट म्हणजे त्यांना तळातून तेल काढायची सोय नव्हती. पूर्ण तेल काढायला डबा सोडवून खाली झुकवावा लागे.

तेल ट्रेमध्ये ओतून देण्यापेक्षा मोजपात्रात पडू द्यावे. या मापातूनच गाडीचा इतिहास कळतो. समजा २१० मिलिलिटर निघाले. काही मिलिलिटर नेहमीच आत चिकटून राहतात, म्हणजे कुणीतरी जुन्या कागदाप्रमाणे २२० भरलेले होते, आणि गळती नाही. १७५ च्या आसपास निघाले, तर गाडीची निगा नव्या प्रमाणाप्रमाणे राखली गेली आहे. १२० च निघाले, तर उरलेले साठ कुठे गेले हे शोधल्याशिवाय नवे तेल भरण्यात अर्थ नाही. चाकाच्या बाजूची मोठी सील झिरपत असेल तर खूण बाहेर दिसते, रिमच्या आतल्या कडेला तेल आणि धूळ मिळून काळा चिकट पट्टा होतो. पिनियनची सील गळत असेल तर तेल स्विंगआर्मच्या आत जाते आणि दांड्यावरच्या रबरी बुटात साचते. तो बूट मागे सारला की ते दिसते. रिम, टायर किंवा ब्रेकच्या डिस्कवर तेल पोहोचले असेल, तर गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. तिथे गिअर वाचवण्यापेक्षा ब्रेक लागण्याचा प्रश्न मोठा आहे.

यानंतर प्लगकडे पाहावे. टोकाला चुंबक असतो आणि त्यावर राखाडी लगदा जमलेला असतो. तो चिमटीत घेऊन चोळला आणि बोटांना गुळगुळीत लागला, तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे कण, सुईसारखे तुकडे किंवा चपटे पापुद्रे लागले तर बेअरिंगचा किंवा दातांचा पृष्ठभाग उचकटू लागला आहे. तेल उन्हात धरून पाहिले की त्यातली चमक दिसते. तेल काळे असणे एकट्याने काही सिद्ध करत नाही, जुने गिअर ऑइल काळेच असते. खरपूस जळका वास मात्र डबा वारंवार जास्त तापल्याचे सांगतो. तुकडे सापडले तर चाकाची वरची आणि खालची कड दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवून पाहावे. स्पष्ट ढिलेपणा जाणवला, तर मोठे बेअरिंग गेलेले असण्याची शक्यता आहे, आणि नवे तेल तो दोष भरून काढत नाही.

सगळे ठीक असेल तर प्लग पुसून, त्याची ओ-रिंग किंवा वॉशर नवी घालून बसवावा. या गाडीच्या तळाच्या प्लगला २० न्यूटन-मीटरचा आवळ पुरतो. ॲल्युमिनियममधले आटे पोलादी प्लगपुढे मऊ असतात. लांब पान्याने, अंगाचा भार देऊन आवळला की आटे निघतात, आणि मग साठ रुपयांच्या वॉशरचे काम हजारोंच्या डब्यावर येते. टॉर्क रेंच नसेल तर पाना अखूड धरून, फक्त मनगटाच्या जोराने आवळावे.

भरण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलिलिटरची जाड तोंडाची सिरिंज आणि तिला बसणारी प्लास्टिकची नळी पुरते. तीन सिरिंज पूर्ण आणि चौथी ३० पर्यंत, म्हणजे १८० झाले. गिअर ऑइल हळू वाहते, त्यामुळे दट्ट्या सावकाश दाबावा. घाई केली तर भोकातून उलट येते, आणि बाहेर सांडलेले किती हे नंतर मोजता येत नाही. सेन्सरच्या भोकातून भरले असेल तर सेन्सर बसवण्याआधी त्याचे टोक पुसावे. तोही चुंबकासारखा चुरा ओढतो, आणि त्यावर लगदा राहिला तर एबीएस चुकीचा वेग वाचू शकतो.

नवे तेल दांड्याच्या स्प्लाइनपर्यंत जात नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. दांडा आणि पिनियन जिथे एकमेकांत सरकतात, ती खाचांची जोडणी डब्याच्या बाहेर, कोरड्या बाजूला असते. तिला मॉलिब्डेनम असलेले घट्ट ग्रीस लागते, आणि ते डबा सोडवल्याशिवाय लावता येत नाही. टायर बदलण्यासाठी मागचे चाक निघाले असेल तेव्हा निदान रबरी बूट फाटला आहे का, आत तेल किंवा पाणी आहे का, एवढे पाहून घ्यावे.

तेल बदलल्यानंतर डब्याचा तळ आणि चाकाची बाजू कोरडी पुसून ठेवावी, म्हणजे पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ओल दिसली तर ती नव्या गळतीचीच असेल. काढलेले तेल झाकणाच्या बाटलीत भरून वापरलेले तेल घेणाऱ्याकडे द्यावे, आणि सर्व्हिस बुकात तारीख, किलोमीटर, तेलाचा वर्ग आणि किती काढले, किती घातले हे आकडे लिहावेत. पुढच्या खेपेला मोजपात्रात १८० ऐवजी १५० आले, तर तीस मिलिलिटर कमी झाले हे कळायला त्या नोंदीचाच आधार लागतो.